डाळिंबाच्या बागेचा व्हिडिओ काढून फळं मोजतोय, पण आकडा दर वेळी वेगळा येतोय. माल किती निघेल हे कसं काढायचं?

अक्षय_सांगोला

मामांची सांगोल्याजवळ दोन एकर डाळिंबाची बाग आहे. भगवा, लागण १४ × १० फुटांवर. मरीमुळे पडलेले नांगे सोडले तर आज ६१० झाडं उभी आहेत. फळं रंगावर आलीत, तोडणीला अजून महिनाभर आहे. एक व्यापारी बाग फिरून गेला आणि उक्त्यात मागतोय. त्याच्या मते माल नऊ टन, फार तर साडेनऊ. मामा म्हणतात बाराच्या खाली येणार नाही. दोघांकडेही नजरेशिवाय दुसरा पुरावा नाही, म्हणून मी मोजायला घेतलं.

मोबाईल उभा धरून ओळीतून चालत व्हिडिओ काढले. बागेतलेच सुमारे ४०० फोटो घेऊन फळांभोवती चौकटी आखल्या आणि त्यावर चित्रातल्या वस्तू ओळखणारं योलो मॉडेल शिकवलं. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर तपासलं तर दिसणाऱ्या दहातली नऊ फळं धरतंय. मग ही आज्ञा चालवली:

```
yolo track model=dalimb.pt source=ol07.mp4 tracker=bytetrack.yaml conf=0.3 imgsz=1280
```

प्रत्येक फळाला ट्रॅकर एक क्रमांक देतो. शेवटी वेगवेगळे क्रमांक किती झाले ते मोजलं. सातव्या ओळीत ३४ झाडं आहेत. सावकाश चाललो तर एका बाजूने १,९०० फळं, भरभर चाललो तर १,२४०, आणि त्याच बाजूने उलट दिशेने आलो तर १,५१०. झाडं तीच, वेळ तीच. सावकाश चालीचा आकडा धरून दोन्ही बाजूंनी अख्ख्या बागेचा हिशेब केला तर माल सोळा टनांच्या वर जातो, आणि त्यावर मामासुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. यातला खरा आकडा कुठला धरायचा?

रानवाट

४०० फोटो फार कमी आहेत. निदान दोन हजार करा, सकाळचे, दुपारचे, ढगाळ हवेतले, सगळे घ्या. मॉडेलही एक पायरी मोठं घ्या. दहातली नऊ म्हणजे दहा टक्के चूक तिथेच झाली. ९७-९८ टक्क्यांवर गेलात की आकडे आपोआप जुळतील. ड्रोन मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, चालायची भानगडच नाही.

चाळणी_नंबर_दोन

आमच्या पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावर कॅमेरा आहे, तो फळं मोजतो आणि साईजप्रमाणे वेगळीही करतो. आकडा हाताच्या मोजणीशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. तेच सॉफ्टवेअर घ्या ना, परत शिकवत कशाला बसता?

अक्षय_सांगोला

@चाळणी, तुमच्याकडे फळ तोडल्यावर येतं. मला ते झाडावर असतानाच मोजायचं आहे.

चाळणी_नंबर_दोन

अच्छा, झाडावर. मग अवघड आहे. आमच्याकडे प्रत्येक फळ कॅमेऱ्याखालून एकदाच जातं आणि वर पान नसतं.

बाळूअण्णा_आटपाडी

अक्षय, व्यापारी काय करतो ते सांगतो. तो बागेत शिरल्याशिरल्या मधली चार-पाच झाडं बघतो, वाकून आतली फळं चाचपतो, मनात एक आकडा धरतो आणि झाडांनी गुणतो. झाडं निवडताना डोळा बरोबर कमी मालाच्या झाडाकडं जातो. मामा निवडतात तेव्हा जड झाडाकडं जातो. दोघंही खोटं बोलत नसत्यात, झाडं वेगवेगळी बघितल्यात एवढंच. मोबाईल ठेव खिशात आणि झाडं हातानं मोज. आमच्या बापानं तेच केलं.

मृणाल_क

अण्णांनी जे सांगितलं ते शेवटी लागणारच आहे, पण आधी अक्षयचा प्रश्न.

रानवाट, फोटो वाढवायला हरकत नाही, पण तीन वेगळे आकडे येण्याचं ते कारण नाही. मॉडेल तिन्ही वेळा तेच होतं. एका फोटोत फळ सापडणं ही एक गोष्ट, आणि या चित्रातलं फळ म्हणजे मघाच्या चित्रातलंच, हे ओळखणं दुसरी. गडबड दुसऱ्या ठिकाणी आहे. चालताना फळ पानामागे जातं आणि पुन्हा बाहेर येतं. ट्रॅकर हरवलेल्या फळाची वाट ठरावीक चित्रांपर्यंतच पाहतो. `bytetrack.yaml` मध्ये ती मर्यादा `track_buffer: 30` अशी असते, म्हणजे तुमच्या व्हिडिओत एक सेकंद. तेवढ्यात फळ दिसलं नाही तर पुढच्या वेळी त्याला नवा क्रमांक. सावकाश चाललात की प्रत्येक फळ चित्रात जास्त वेळ राहतं, जास्त वेळा पानाआड जातं आणि जास्त क्रमांक गोळा करतं. म्हणून सावकाश चालीत आकडा फुगला. भरभर चालीचा आकडा लहान आला म्हणून तो खरा, असंही नाही. तिथे काही फळं हलल्यामुळे पुसट होऊन सुटली आणि काही दोनदा मोजली गेली.

`track_buffer` वाढवून अर्धंच काम होतं, कारण मग एका फळाचा क्रमांक शेजारच्या फळाला चिकटायला लागतो. त्यापेक्षा मोजायची पद्धत बदला. चित्राच्या मधोमध एक उभी रेघ कल्पा. फळाच्या चौकटीचा मध्य ती रेघ ओलांडेल तेव्हाच एक धरायचा. रेघेच्या अलीकडे त्या फळाला तीन क्रमांक मिळोत की पलीकडे दोन, रेघ ते एकदाच ओलांडतं. ऐन रेघेवर क्रमांक बदलला तरच घोटाळा होतो, आणि तशी फळं थोडी असतात.

दुसरं म्हणजे काम लवकर उरकावं म्हणून चित्रं गाळू नका. तुम्ही सेकंदाला साधारण एक मीटर चालता आणि व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा आहे. म्हणजे दोन लागोपाठच्या चित्रांत फळ सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर सरकतं. फळ आठ सेंटिमीटरचं, त्यामुळे आधीची आणि नंतरची चौकट एकमेकींवर येतात आणि ट्रॅकरला जोडी लावता येते. दर तिसरंच चित्र घेतलंत तर फळ दहा सेंटिमीटर सरकलेलं असेल. चौकटी एकमेकींना शिवतच नाहीत आणि ट्रॅकर सुरुवातीलाच गोंधळतो.

आणि `tracker=botsort.yaml` करून पाहा. त्यात कॅमेऱ्याची हालचाल वजा करायची सोय आहे. हातातला मोबाईल प्रत्येक पावलाला वरखाली होतो, तिथे फरक पडेल.

अक्षय_सांगोला

मृणालताई, रेघेची पद्धत लावली. त्याच ओळीचे तेच व्हिडिओ. सावकाश ८२८, भरभर ८०६, उलट दिशेने ८१९. हे एकदम जुळलं!

पण आता दुसरीच अडचण. झाडाला सरासरी २४ फळं आली. मामांना सांगितलं तर हसले. म्हणाले, छाटणीपासून प्रत्येक झाड हाताखालून गेलंय, विरळणी करताना साठ-सत्तर ठेवलीत, २४ फळांचं झाड बागेत शोधून दाखव.

रानवाट

एकच बाजू घेतलीत ना. दुसरी बाजूही काढा आणि बेरीज करा, ४८ होतील. वरची वीस-बावीस म्हणजे मॉडेलने सोडलेली. म्हणून म्हणत होतो फोटो वाढवा.

मृणाल_क

दोन्ही बाजू काढायच्या हे बरोबर. वीस-बावीस फळं मॉडेलने सोडली हे मात्र नाही. डाळिंब म्हणजे चार-पाच खोडांचं झुडूप. आतल्या फांद्यांवरची फळं ओळीत उभं राहून माणसालाही दिसत नाहीत, अण्णांनी लिहिलंय तसं वाकून चाचपावी लागतात. जे कुठल्याच चित्रात आलं नाही ते कितीही मोठं मॉडेल मोजणार नाही. ड्रोनमधून तर वरची पानंच दिसतील. आपली फळं पानाखाली लोंबतात.

दोन बाजूंच्या बेरजेत आणखी एक फसवणूक आहे. कडेची, शेंड्याकडची काही फळं दोन्ही बाजूंनी दिसतात, ती दोनदा मोजली जातात. आतली एकदाही मोजली जात नाहीत. या दोन चुका उलट दिशेच्या आहेत. एखाद्या विरळ बागेत त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज नेमकी खऱ्या संख्येएवढी येते. माणूस खूष होऊन पद्धत सिद्ध झाली म्हणतो. पुढच्या हंगामात पाला वाढला की तीच पद्धत चाळीस टक्के कमी दाखवते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्गजवळ आंब्याच्या बागेत हे काम नीट झालंय, २०१६ मध्ये छापून आलंय. जात कॅलिप्सो, झाडं ५२२, टिपलेले आंबे ७१,६०९. पडताळणीला १६ झाडं हाताने मोजली, झाडावरही आणि तोडल्यावरही. एका बाजूचा फोटो, दोन बाजूंचे फोटो आणि चालत्या गाडीवरून अनेक कोनांतून घेतलेले फोटो, अशा तीन रीती ताडून पाहिल्या. तिन्हींनी चांगला अंदाज दिला, पण पहिल्या दोन रीतींना हाताने मोजलेल्या झाडांवरून काढलेला गुणक लावावा लागला. गुणकाशिवाय जमलं ते फक्त अनेक कोनांच्या रीतीला, आणि तिथे एकेका झाडाची चूक १.३६ टक्के होती. पण त्या गाडीवर लेझरने अंतर मोजणारा लायडार होता, जागा आणि दिशा सांगणारी महागडी यंत्रणा होती, प्रत्येक फळाची जागा लांबी-रुंदी-उंचीत काढत होते. तुमच्याकडे मोबाईल आहे. तेव्हा गुणक काढायचा, त्याला पर्याय नाही.

गुणकासाठी झाडं निवडताना अण्णांचा मुद्दा लक्षात ठेवा. नजरेने निवडलंत तर तुम्ही व्यापारी तरी व्हाल नाहीतर मामा. आधी सगळ्या बागेचे दोन्ही बाजूंचे व्हिडिओ काढा आणि प्रत्येक झाडाचा व्हिडिओतला आकडा वेगळा करा. व्हिडिओ बघत दोन झाडांच्या मध्यावर आलं की एक कळ दाबायची, वेळ नोंदली जाते. कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. मग ६१० झाडं त्या आकड्याच्या चढत्या क्रमाने लावा आणि २५ व्यापासून सुरू करून दर ५१ वं झाड उचला. बारा झाडं येतील, हलकी, मध्यम, जड सगळी. ती हाताने मोजा. दोघांनी मोजा, मोजलेल्या फळाला खडूचा ठिपका द्या. शेजारच्या झाडाच्या फांद्या गुंतलेल्या असतात, तिथे मध्यावर दोरी सोडून हद्द ठरवा. व्हिडिओत जी हद्द धरलीत तीच हातानेही धरायची.

मोर्शीकर

मधेच घुसतो. आमची मोर्शीला संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार. दोन अडचणी आहेत. एक, फळ शेवटपर्यंत हिरवं, पानं हिरवी, मोबाईलमध्ये माझं मलाच दिसत नाही. दोन, आमचं झाड सात-आठशे फळांचं. बारा झाडं मोजायची म्हणजे मजूर लावावे लागतील, आणि ठिपके देईपर्यंत तोडणी येईल! आमच्याकडे व्यापारी हजारी भावाने घेतो, त्यामुळे वजन नाही, संख्याच पाहिजे.

मृणाल_क

@मोर्शीकर, हिरव्यावर हिरवं यासाठी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे, रात्री दिवे लावून व्हिडिओ काढणं. क्वीन्सलँडच्याच दुसऱ्या एका गटाने आंब्यात हे केलंय. गाडीवर एलईडीचे दिवे लावून रात्री ओळीतून जायचं. जवळच्या झाडावरची फळं चकाकतात, मागचं सगळं काळं पडतं. उन्हाची तिरीप नाही, सावली नाही, आणि मागच्या ओळीतली फळं मोजणीत शिरत नाहीत. अक्षय, हे तुम्हालाही लागू आहे. १४ फुटांवरच्या पुढच्या ओळीतली फळं फटीतून दिसतात आणि लाल असल्यामुळे मॉडेल ती आनंदाने धरतं. दिवसाच काढणार असाल तर ठरावीक मापापेक्षा लहान चौकटी गाळा. जमिनीवर पडलेली तडकलेली फळंही मोजली जाताहेत का बघा, चित्राचा खालचा पट्टा कापून टाका.

मोठ्या झाडासाठी जेसेन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्येच वाट काढून ठेवलीय. अख्खं झाड मोजायचं नाही. बुंध्यापासून सुरुवात करा. जिथे फांद्या फुटतात तिथे प्रत्येकीचा घेर मोजा आणि चिठ्ठी टाकून एक निवडा, पण जाड फांदीला तिच्या जाडीच्या प्रमाणात जास्त चिठ्ठ्या. असं दोन-तीन फाट्यांवर करत गेलात की एका लहान फांदीपाशी येता. तिच्यावरची फळं मोजा. समजा पहिल्या फाट्यावर तुमची फांदी निवडली जाण्याची शक्यता ०.४ होती, दुसऱ्यावर ०.२५, तिसऱ्यावर ०.५. गुणाकार ०.०५. फांदीवर ३८ फळं असली तर झाडाचा अंदाज ३८ भागिले ०.०५, म्हणजे ७६०. एका वाटेचा अंदाज बराच हलतो, म्हणून एका झाडावर तीन-चार वाटा घ्याव्यात आणि सरासरी काढावी. फ्लोरिडात सरकारी खातं संत्र्याच्या पिकाचा अंदाज वर्षानुवर्षं अशाच निवडलेल्या फांद्या मोजून देत आलंय.

मोर्शीकर

चिठ्ठ्या टाकून फांदी निवडायची हे आमच्या वडिलांना कसं समजवू ते बघतो. मला सरळ डोळ्यासमोरची फांदी मोजावीशी वाटणार.

बाळूअण्णा_आटपाडी

तेच म्हणलं ना मी, डोळ्यासमोरची फांदी म्हणजे भरलेली फांदी.

अक्षय_सांगोला

झालं. सगळ्या बागेची दोन्ही बाजूंची व्हिडिओ-बेरीज २९,२८०, म्हणजे झाडाला ४८. बारा झाडं सांगितल्याप्रमाणे उचलली, मामा आणि मी मिळून मोजली. आधी व्हिडिओतला आकडा, मग हाताचा:

१९ → ३४
२७ → ३५
३३ → ५५
३८ → ५२
४३ → ६६
४६ → ५८
५० → ७९
५४ → ७१
५८ → ९०
६४ → ८८
७२ → ११२
८४ → १०६

व्हिडिओची बेरीज ५८८, हाताची ८४६. गुणक १.४४. म्हणजे बागेत सुमारे ४२,१०० फळं. पण झाडागणिक गुणक बराच वेगळा आहे, पहिल्याचा १.७९ आणि शेवटच्याचा १.२६. यावर भरवसा ठेवायचा का?

मामांचं म्हणणं, हातानेच मोजायची होती तर व्हिडिओ कशाला? बारा झाडांची सरासरी ७०, गुणिले ६१०, जवळजवळ तोच आकडा आला. याला उत्तर सुचलं नाही.

मृणाल_क

मामांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. फक्त हाताची मोजणी घ्या. ३४ पासून ११२ पर्यंत पसरलीय, प्रमाण विचलन २५ फळांचं. बारा झाडांच्या सरासरीत चूक किती असू शकते? २५ भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे सव्वासात, आणि सावध राहायचं तर त्याच्या दुप्पट धरायचं. सत्तरमागे साडेचौदा फळं, जवळजवळ २१ टक्के इकडे किंवा तिकडे. या वेळी आकडा जुळला तोही व्हिडिओच्याच कृपेने, कारण झाडं व्हिडिओच्या यादीतून समान अंतराने उचलली होती. मामांनी आपल्या मनाने बारा उचलली असती तर?

आता गुणक लावून बघा. प्रत्येक झाडाच्या व्हिडिओ-आकड्याला १.४४ ने गुणा आणि हाताच्या मोजणीशी फरक काढा. शेवटचं झाड सोडलं, तिथे १५ चा फरक आहे, तर बाकी सगळे नऊच्या आत आहेत. या फरकांचं विचलन आठाच्या आसपास येतं. बाराच्या वर्गमूळाने भागून दुप्पट केलं की साडेचार फळं, साडेसहा टक्के. कुठलं झाड जड आणि कुठलं हलकं हे व्हिडिओने ६१० च्या ६१० झाडांवर सांगितलं, हाताच्या मोजणीने फक्त लपलेल्यांचं प्रमाण सांगितलं. नुसत्या हाताने इतकी खात्री हवी असेल तर शंभराहून जास्त झाडं मोजावी लागतील.

तेव्हा फळं ३९,४०० ते ४४,८०० च्या दरम्यान. ४२,१०० हा मधला आकडा, तो छातीठोकपणे सांगू नका.

शेवटचं झाड विरळ पाल्याचं आहे का? १.२६ म्हणजे त्याची बहुतेक फळं बाहेरून दिसताहेत.

अक्षय_सांगोला

हो, ते बांधाकडेचं आहे. तिकडच्या दोन ओळी पानगळीनंतर नीट फुटल्याच नाहीत, पाला कमी आहे.

मृणाल_क

मग त्या दोन ओळींचा गुणक वेगळा काढायला हवा, तिथली चार-पाच झाडं आणखी मोजा. एका गुणकाने सगळी बाग मोजली तर विरळ भागात जास्त फळं धराल आणि दाट भागात कमी. बेरीज कदाचित बरोबर येईल, पण व्यापाऱ्याने अर्धीच बाग घेतली तर गोत्यात याल. आणि हा १.४४ वहीत लिहून पुढच्या वर्षी वापरू नका. पुढच्या वर्षी छाटणी वेगळी, पाला वेगळा.

बाळूअण्णा_आटपाडी

ताई, तुमचा हिशेब पटला. पण व्यापारी फळ मोजून पैसे देत नाही, वजनावर देतो. ४२ हजार फळं २२० ग्रॅमची का २६० ची? बरं आतलं फळ बारकं असतंय, बाहेरचं मोठं. तुमच्या व्हिडिओत बाहेरचंच दिसणार.

अक्षय_सांगोला

गुणाकार केला. ४२,१०० फळं २२० ग्रॅमने ९.३ टन, २६० ने १०.९. फळांच्या संख्येतली चूकही धरली तर ८.७ पासून ११.६ पर्यंत. म्हणजे व्यापाऱ्याचे नऊही त्यात बसतात आणि मामांचे बारा अगदी दारात उभे आहेत. एवढं करून भांडण तिथेच!

रानवाट

आता वजनही व्हिडिओतून काढा की. चौकटीची रुंदी आहेच. ओळीत एक ठरावीक मापाचा चेंडू टांगा, त्यावरून सेंटिमीटर काढा, सगळ्या फळांची सरासरी घ्या.

मृणाल_क

चेंडूची कल्पना चांगली आहे, पण सगळ्या फळांची सरासरी घेऊ नका. अर्धं पानाआड असलेल्या फळाची चौकटही अर्धीच पडते, सरासरी खाली येते. पूर्ण दिसणारीच फळं निवडावी लागतील. शिवाय फळ कॅमेऱ्यापासून किती लांब हे साध्या मोबाईलला कळत नाही. चेंडू दीड मीटरवर आणि फळ दोन मीटरवर असेल तर माप चुकलंच. आणि वजन व्यासाच्या घनाने वाढतं. व्यासात दहा टक्के चूक झाली की वजनात तेहतीस टक्के होते. फळांच्या मोजणीत मिळवलेली सगळी अचूकता तिथे पाण्यात जाईल. अंतर मोजणारे कॅमेरे लावून हे करतात, मोबाईलने मी करणार नाही.

त्यापेक्षा त्याच बारा झाडांवर प्रत्येकी दहा फळं घ्या, पाच बाहेरची आणि पाच आतली, आणि व्हर्नियरने व्यास मोजा. तडकलेली, डागाळलेली फळं अशीही काढून टाकता, त्यातली वेगवेगळ्या मापांची थोडी तोलून बघा म्हणजे व्यासावरून वजन कळेल. आत-बाहेर फरक आहे हे अण्णांचं म्हणणं तिथेच तपासलं जाईल. मला स्वतःला तो फरक सगळ्या बागांत असतो असं वाटत नाही.

बाळूअण्णा_आटपाडी

असतोय. चाळीस वर्षं तोडतोय.

रानवाट

पण आज मोजलेला व्यास महिन्याने तोच थोडाच राहणार? फळ फुगेल ना. आणि तेल्या रोग आला तर फळ हिशेबातूनच जाईल.

मृणाल_क

रास्त प्रश्न आहे. काही फळांना फिती बांधून आठवड्याने तीच फळं पुन्हा मोजली तर वाढीचा वेग कळतो, पुढचे तीन आठवडे त्याच वेगाने धरावे लागतात. पाऊस किंवा पाण्याचा ताण आला की तेही हलणार. तेल्याचा हिशेब कुठलाच व्हिडिओ आज देणार नाही. तो व्यवहारात बोलायचा विषय आहे. उक्त्यात दिलं की तेल्याची जोखीम व्यापाऱ्याची, किलोवर दिलं की मामांची. व्यापारी नऊ म्हणतो त्यात ही जोखीम आधीच धरलेली असणार.

अक्षय_सांगोला

आज व्हर्नियर आणतो. बांधाकडच्या दोन ओळीही वेगळ्या मोजतो. मामांनी व्यापाऱ्याला सांगितलंय की उक्त्यात नको, जागेवर किलोने बोलू, कॅरेट आमच्या काट्यावर. तो विचार करून कळवतो म्हणालाय.

बाळूअण्णा_आटपाडी

ते बरं केलं. एक विचारायचं राहिलं. आमच्याकडं उन्हाळी मालाला झाडावर पांढरं कव्हर टाकत्यात, उन्हानं फळ करपू नये म्हणून. तुझा मोबाईल कव्हरातनं काय मोजणार?

अक्षय_सांगोला

काहीच नाही अण्णा. कव्हर टाकायच्या आधी काढावा लागेल, पण तेव्हा फळ हिरवं आणि लिंबाएवढं. माझं मॉडेल लाल फळावर शिकलंय.

मोर्शीकर

म्हणजे तुम्ही पण आता माझ्याच रांगेत! रात्रीच्या दिव्यांचा खर्च किती येतो ते कळलं की इथेच लिहितो.

मृणाल_क

अण्णा, कव्हर टाकायच्या आधी मोजलं तर नंतरची गळ धरावी लागेल. दहा-बारा झाडांवर त्या दिवशीची संख्या हाताने लिहून ठेवा आणि कव्हर काढल्यावर तीच झाडं पुन्हा मोजा. कव्हराखाली किती गळतं याचा कुणाच्या बागेतला मोजलेला आकडा असेल तर टाका, माझ्याकडे डाळिंबाचा नाही.

चाळणी_नंबर_दोन

कव्हराखालचा माल आमच्याकडे येतो, त्यात करपलेलं कमी निघतं एवढं सांगू शकतो. गळ किती ते शेतकऱ्यालाच माहीत.

बाळूअण्णा_आटपाडी

या बारीला दहा झाडं लिहून ठिवतो. खडू मात्र कव्हराखाली टिकंल का बघावं लागंल, नाहीतर फितीच बांधतो.